परदेशी ग्राहकाला रक्कम कशी लिहायची? लाख-कोटी ते मिलियन-बिलियन, एका उदाहरणासह

निर्यातीच्या व्हिडिओत आपण कोटेशन आणि कंपनी प्रोफाइलबद्दल बोललो. त्यात एक मुद्दा घाईत निघून गेला, तो इथे निवांत बघू. मुद्दा असा, की तुमची उलाढाल, तुमची गुंतवणूक, तुमच्या ऑर्डरची किंमत हे सगळं तुम्ही लाखांत आणि कोटींत मोजता. समोरचा ग्राहक मात्र मिलियन आणि बिलियनमध्ये वाचतो. मधलं भाषांतर चुकलं तर रक्कम थोडीथोडकी चुकत नाही, थेट दहापट चुकते. आणि दहापट चुकलेला आकडा बघून ग्राहक तुम्हाला काही विचारत बसत नाही, तो गप्प बसतो आणि दुसऱ्या पुरवठादाराकडे जातो.

म्हणून एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ.

आपलं उदाहरण

समजा, सांगलीजवळ तुमचा हळद पावडरचा कारखाना आहे. गेल्या आर्थिक वर्षाची उलाढाल ४ कोटी ८५ लाख ६० हजार रुपये. यंत्रसामग्रीत घातलेले पैसे ६२ लाख ५० हजार. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा एक मसाला आयातदार तुमच्याकडून १२ टन पावडर घ्यायचा विचार करतोय. भाव ठरतोय १८० रुपये किलो. म्हणजे ऑर्डर झाली २१ लाख ६० हजारांची.

त्याने तुम्हाला एक फॉर्म पाठवलाय. त्यात वार्षिक उलाढाल, यंत्रांमधली गुंतवणूक आणि या मालाची एकूण किंमत विचारली आहे. आता हे तीन आकडे त्याला कसे लिहून द्यायचे?

आधी शिडी समजून घ्या

मिलियन, बिलियन हे काहीतरी परकं प्रकरण आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. शाळेत म्हटलेलं आठवा: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज. यातलं दशलक्ष म्हणजेच मिलियन आणि अब्ज म्हणजेच बिलियन. दोन्ही पायऱ्या आपल्याच शिडीवर आहेत. फरक एवढाच, की आपण लक्ष आणि कोटीच्या पायरीवर थांबून मोजतो आणि ते लोक दशलक्ष आणि अब्जच्या पायरीवर थांबतात.

यावरून तीन वाक्यं पाठ करून ठेवा:

- १० लाख म्हणजे १ मिलियन. म्हणून लाखांतल्या आकड्याला १० ने भागा, मिलियन मिळेल.
- १ कोटी म्हणजे १० मिलियन. म्हणून कोटींतल्या आकड्याला १० ने गुणा, मिलियन मिळेल.
- १०० कोटी म्हणजे १ बिलियन. म्हणून कोटींतल्या आकड्याला १०० ने भागा, बिलियन मिळेल.

आता आपली उलाढाल बघा. ४.८५६ कोटी गुणिले १०, म्हणजे ४८.५६ मिलियन रुपये. यंत्रसामग्री ६२.५ लाख भागिले १०, म्हणजे ६.२५ मिलियन रुपये. ऑर्डर २१.६ लाख, म्हणजे २.१६ मिलियन रुपये.

बोलण्यातल्या रकमा पण याच नियमाने जातात. दीड कोटी म्हणजे १५ मिलियन. सव्वा कोटी म्हणजे १२.५ मिलियन. पावणेदोन कोटी म्हणजे १७.५ मिलियन. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलायचं असेल तर हे आकडे आधीच कागदावर उतरवून ठेवा, कारण बोलताना तोंडातून ‘लाख’ सहज निघून जातो.

आणि दीड लाखासारखी छोटी रक्कम असेल तर ओढूनताणून मिलियन करू नका. ०.१५ मिलियन असं कोणी वाचत नाही. सरळ दीडशे हजार म्हणा, म्हणजे इंग्रजीत `150 thousand`. दहा लाखांच्या आतलं सगळं हजारात सांगायचं.

स्वल्पविराम हलतो, अंक हलत नाहीत

पूर्ण रक्कम अंकांत लिहिताना आपण उजवीकडून आधी तीन अंक सोडतो, मग दोन-दोन. ते लोक सगळीकडे तीन-तीन सोडतात. एवढाच बदल. अंक तेच, शून्यंही तेवढीच.

```
आपलं:     4,85,60,000
त्यांचं:   48,560,000
```

तुम्ही म्हणाल, मग आपलंच लिहिलं तर काय बिघडलं? बिघडतं असं, की `4,85,60,000` बघून परदेशी वाचक थबकतो. त्याच्या डोळ्यांना प्रत्येक स्वल्पविरामानंतर तीन अंक दिसायची सवय असते. ‘85’ नंतर लगेच स्वल्पविराम दिसला, की त्याला वाटतं मधला एखादा अंक गळालाय, किंवा हे वेगवेगळे आकडे आहेत. मग तो अंदाज करतो. आपल्या रकमेचा अंदाज दुसऱ्याने करावा अशी वेळच येऊ देऊ नका.

तपासायची सोपी युक्ती सांगतो. रक्कम पूर्ण लिहा आणि उजवीकडचे सहा अंक बोटाने झाका. डावीकडे जे उरलं ते मिलियन. `48,560,000` मध्ये सहा अंक झाकले की ४८ उरतात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिलियन आणि वर काही. नऊ अंक झाकल्यावर काही उरलं तर ते बिलियन. गुणाकार-भागाकार बरोबर झालाय का, हे या एका बोटाने कळतं.

दहापट चूक होते कुठे?

ही चूक दोन ठिकाणी होते.

पहिली जागा: ‘कोटी’ हा शब्द खोडून तिथे ‘मिलियन’ लिहिणं. प्रोफाइलमध्ये ४.८५६ कोटी असतं. फॉर्म भरणारा मुलगा आकडा तसाच ठेवतो आणि `4.856 million` लिहितो. कारण त्याच्या डोक्यात पक्कं असतं, की मोठी रक्कम आपल्याकडे कोटी आणि त्यांच्याकडे मिलियन. झाले की लाखाचे बारा हजार! तुमची उलाढाल एका फटक्यात साडेअठ्ठेचाळीस लाखांवर आली.

आता हे हॅम्बुर्गच्या बाजूने बघा. त्याची ऑर्डर आहे २.१६ मिलियन रुपयांची. तुमची उलाढाल त्याला दिसतेय ४.८५६ मिलियन. म्हणजे त्याची एकच ऑर्डर तुमच्या वर्षभराच्या धंद्याच्या जवळजवळ ४५ टक्के! तो विचार करणार, एवढ्या लहान कारखान्याला १२ टन माल वेळेत जमेल का? याच्याकडे कच्चा माल घ्यायला पैसा आहे का? खरी उलाढाल ४८.५६ मिलियन दिसली असती तर तीच ऑर्डर साधारण साडेचार टक्के ठरली असती, आणि शंका यायचं कारणच नव्हतं. तुमचा माल, भाव, नमुना सगळं उत्तम असूनही फॉर्मच्या एका चुकीच्या शब्दाने तुम्ही बाहेर पडता. आणि कारण कधीच कळत नाही.

दुसरी जागा: ताळेबंदाचं शीर्षक न वाचणं. सीएने दिलेल्या ताळेबंदात वर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘रुपये लाखांत’ असं लिहिलेलं असतं आणि खाली आकडा असतो 485.60. घाईत तो `485.6 million` म्हणून उतरवला जातो. आता उलाढाल झाली साडेअठ्ठेचाळीस कोटी, म्हणजे खऱ्याच्या दहापट. ग्राहक पुढे तपासणीसाठी लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागतो आणि दोन आकडे जुळत नाहीत. तुमची नुसती चूक असते, पण त्याच्या नजरेत ती थाप होते. पहिल्या चुकीपेक्षा ही महागात पडते.

म्हणून आकडा उचलण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: तो कोणत्या एककात आहे, आणि तो आधीच कोणी बदलून ठेवलेला नाही ना. भारतीय कंपन्यांचा ताळेबंद लाखांतच असतो असंही नाही. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात लाखांबरोबर मिलियनमध्ये आकडे द्यायचीही मुभा आहे. विप्रोसारखी कंपनी आपले रुपयांतले आकडे मिलियनमध्ये देते, तर इन्फोसिस भारतातल्या अहवालात कोटींत देते. दोन्ही भारतीय, दोन्ही बरोबर, कारण दोघंही तक्त्याच्या वर एकक स्पष्ट लिहितात. तुम्हीही तुमच्या तक्त्याच्या डोक्यावर एक ओळ टाका: `All amounts in INR million`. मग खाली प्रत्येक आकड्यापुढे मिलियन लिहायची गरज राहत नाही.

आधी एकक, मग चलन

आता पुढची पायरी. ग्राहकाला रुपयांत कमी रस असतो, त्याला युरोत किंवा डॉलरमध्ये अंदाज हवा असतो. इथे बरेच जण दोन उड्या एकदम मारतात: कोटीवरून थेट मिलियन युरो. असं करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी रुपये लाख-कोटीतून मिलियनमध्ये आणा, तपासा, आणि मग चलन बदला.

हिशेब सोपा जावा म्हणून आपण १ युरो म्हणजे १०० रुपये धरू. खरा भाव रोज बदलतो, तो त्या दिवशी बघून घ्यायचा. उलाढाल ४,८५,६०,००० रुपये, भागिले १००, म्हणजे ४ लाख ८५ हजार ६०० युरो. त्यांच्या पद्धतीने `EUR 485,600`. म्हणजे साधारण अर्धा मिलियन युरो. बघा, रुपयांत अठ्ठेचाळीस मिलियन असलेली रक्कम युरोत एक मिलियनसुद्धा नाही. म्हणूनच दोन उड्या एकदम मारल्या की आकडा कुठे चुकला ते सापडत नाही.

इथेही एक तपासणी आहे. चलनाच्या भावाला १० ने भागा. जे येईल, तेवढे कोटी रुपये म्हणजे त्या चलनातलं एक मिलियन. भाव १०० रुपये असेल तर एक मिलियन युरो म्हणजे १० कोटी रुपये. डॉलरचा भाव ८५ धरला तर एक मिलियन डॉलर म्हणजे साडेआठ कोटी रुपये. आता कोणी तुमच्या पावणेपाच-पाच कोटींच्या धंद्याला ‘पाच मिलियन डॉलर’ म्हणालं, तर कागद-पेन न घेता तुम्हाला कळेल की काहीतरी चुकलंय, कारण पाच मिलियन डॉलरला साडेबेचाळीस कोटी लागतात.

चलन बदललं की मूळ रुपयांचा आकडा पुसू नका. तो आधी, आणि त्याच्या पुढे युरोतला आकडा. सोबत कोणता भाव धरला आणि कोणत्या तारखेचा, तेही लिहा. उद्या भाव बदलला तरी तुमचा कागद खोटा पडत नाही. भावासाठी एफबीआयएल ही संस्था डॉलर, युरो, पाउंड आणि येनचे संदर्भ दर जाहीर करते, ते वापरता येतात. उलाढाल, गुंतवणूक अशा माहितीच्या आकड्यांना गोल करून ‘सुमारे’ लिहिलं तरी चालतं. पण कोटेशन, करार आणि इन्व्हॉइसमधली रक्कम मात्र पूर्ण अंकांत, पैशा-सेंटसकट.

चिन्हं आणि आखूड शब्द

आपल्या सवयीच्या काही खुणा बाहेर कळत नाहीत, किंवा भलत्याच अर्थाने कळतात.

`Rs.` लिहिलंत तर तो रुपया भारताचा, पाकिस्तानचा, नेपाळचा, श्रीलंकेचा की मॉरिशसचा, असा प्रश्न उरतो. `₹` हे आपलं चिन्ह २०१० पासून आहे, पण सगळ्या परदेशी वाचकांना ते ओळखीचं नसतं. म्हणून `INR` लिहा, रकमेच्या आधी, मध्ये एक जागा सोडून. तसंच नुसतं `$` नको, कारण डॉलर अमेरिकेचाही आहे, कॅनडाचाही, ऑस्ट्रेलियाचाही आणि सिंगापूरचाही. `USD`, `CAD`, `AUD`, `SGD` असं तीन अक्षरांचं नाव लिहिलं की वाद संपतो.

`Cr` आपल्यासाठी कोटी, पण हिशेबाच्या वहीत जगभर त्याचा अर्थ क्रेडिट, म्हणजे जमा. `L` म्हणजे लाख हे तर बाहेर कोणाच्या डोक्यातच येणार नाही, त्यांना ते लिटर वाटेल. आणि `M` सुद्धा पूर्ण सुरक्षित नाही. काही जुन्या व्यापारी पद्धतींत `M` म्हणजे हजार आणि `MM` म्हणजे मिलियन. म्हणून पूर्ण शब्द लिहा: `million`. सहा अक्षरं वाचवून काही कमाई होत नाही.

रकमेपुढे `/-` काढायची आपली सवय आहे, `5,000/-` अशी. त्या दोन खुणांचं परदेशी वाचकाला कोडं पडतं. ती टाळा.

युरोपात स्वल्पविराम आणि टिंबाची अदलाबदल

आपला ग्राहक हॅम्बुर्गचा आहे, म्हणून ही एक जास्तीची काळजी. जर्मनीत हजार वेगळे करायला टिंब वापरतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम. आपण जे `1,250.50` लिहितो, ते तिथे `1.250,50` असं लिहितात.

तुमचा ग्राहक इंग्रजीत पत्रव्यवहार करतोय म्हणजे त्याला आपली पद्धत बहुधा कळते. तरी काही आकडे दोन्हीकडून वाचता येतील असे असतात, तेच सांभाळायचे. तुम्ही `12,000 kg` लिहिलं. जर्मन सवयीने ते बारा किलो पूर्णांक शून्य शून्य शून्य असंही वाचता येतं! त्याच्यापुढे `12 metric tons` लिहिलं की प्रश्न मिटला. भाव `EUR 1.800` असा तीन अंकी दशांशात लिहिला तर तो अठराशे युरो वाटू शकतो. `EUR 1.80` लिहिलं की वाटत नाही, कारण टिंबानंतर दोनच अंक आहेत. म्हणून भावात दशांशानंतर कायम दोन अंक ठेवा.

बिलियनचंही असंच आहे. इंग्रजीत बिलियन म्हणजे १०० कोटी. पण जर्मन भाषेत १०० कोटींना ‘मिलियार्ड’ म्हणतात आणि ‘बिलियन’ म्हणजे एक लाख कोटी! स्पॅनिशमध्येही तसाच शब्द आहे आणि त्याचाही अर्थ लाख कोटी. ब्रिटनमध्येसुद्धा जुना अर्थ लाख कोटी होता. तिथल्या सरकारने १९७४ मध्ये आकडेवारीत १०० कोटींचा अर्थ पक्का केला. तुमच्या स्वतःच्या रकमा बिलियनपर्यंत जाणार नाहीत, पण प्रोफाइलमध्ये बाजारपेठेचा आकार सांगताना तो शब्द येतो. समजा तुम्हाला ५,००० कोटी रुपये लिहायचे आहेत. इंग्रजीत ते `INR 50 billion`. तो कागद पुढे जर्मन किंवा स्पॅनिशमध्ये भाषांतरित होणार असेल, तर `INR 50,000 million` लिहा. मिलियनचा अर्थ या सगळ्या भाषांत एकच आहे.

अक्षरी रक्कम

इन्व्हॉइसवर आकडा `12,500,000` आणि खाली अक्षरात ‘वन क्रोर ट्वेंटी-फाइव्ह लाख’, असं बऱ्याचदा छापून येतं, कारण सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीवर लावलेलं असतं. अक्षरी रक्कम ही नुसती शोभा नाही. चेक आणि हुंडीसारख्या कागदांवर आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत तर आपल्या पराक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरतात. म्हणजे वाचणाऱ्याला जी अक्षरं कळतच नाहीत, तीच सगळ्यात वजनदार!

अक्षरांत लिहायची रीत सोपी आहे. तीन-तीन अंकांचे गट करा आणि प्रत्येक गटाला त्याचं नाव द्या. `48 | 560 | 000` म्हणजे ४८ मिलियन, ५६० हजार:

```
Indian Rupees Forty-Eight Million
Five Hundred Sixty Thousand
```

टॅलीत चलनाच्या माहितीमध्ये `Show amount in millions` असा पर्याय असतो. तो लावल्यावर एक नमुना इन्व्हॉइस छापा, आणि स्वल्पविराम व अक्षरं दोन्ही बदललेत का ते बघून मगच खरं इन्व्हॉइस काढा.

एक्सेलमधली गंमत

एक्सेल फाइलमध्ये स्वल्पविराम साठवलेले नसतात, फक्त अंक साठवलेले असतात. स्वल्पविराम कुठे दाखवायचा हे तुमच्या कॉम्प्युटरची विंडोज ठरवते. म्हणून तुमच्याकडे `4,85,60,000` दिसणारी फाइल हॅम्बुर्गला त्यांच्या पद्धतीने दिसेल. तिथे काळजी नाही. काळजी पीडीएफची आहे. पीडीएफ काढली की तुमच्या पडद्यावरचे स्वल्पविराम तिच्यात गोठतात, आणि आपण ग्राहकाला पाठवतो ती पीडीएफच.

उपाय: कंट्रोल पॅनेलमध्ये `Region`, मग `Additional settings` उघडा. तिथे `Digit grouping` मध्ये `123,456,789` निवडा, पीडीएफ काढा, आणि काम झालं की परत `12,34,56,789` वर आणा. वर्डमध्ये हाताने लिहिलेल्या रकमा मात्र आपोआप बदलत नाहीत, त्या एकेक करून बघाव्या लागतात.

तर आपला फॉर्म असा भरला

```
Annual turnover (April 2024 - March 2025):
INR 48.56 million (approx. EUR 485,600)

Investment in machinery:
INR 6.25 million (approx. EUR 62,500)

Order: turmeric powder, 12,000 kg (12 metric tons)
Price: EUR 1.80 per kg
Total: EUR 21,600.00

Exchange rate used: EUR 1 = INR 100.00
```

शेवटच्या ओळीत खऱ्या फॉर्मवर त्या दिवसाचा भाव आणि तारीख येईल. वर्ष लिहिताना नुसतं ‘2024-25’ न लिहिता महिने दिलेत ते बघितलं ना? एप्रिल ते मार्च हे आपलं वर्ष आहे. जर्मनीत बहुतेक कंपन्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. महिने दिसले की तो आपल्या दोन वर्षांच्या आकड्यांशी गल्लत करत नाही.

लाख-कोटी कुठे ठेवायचे?

एक कागद सगळीकडे चालवायचा मोह होतो, तो टाळा. तुमच्या बँकेला, सीएला आणि सरकारी कार्यालयाला द्यायच्या कागदांवर लाख-कोटीच राहू द्या. बँकेतल्या साहेबांना ६.२५ मिलियनचा प्रकल्प दाखवलात तर आता अंदाज करायची वेळ त्यांच्यावर येते. दुबईतला भारतीय व्यापारी तुमच्याशी फोनवर लाखांत बोलेल, खुशाल बोला. पण त्याच व्यवहाराचा कागद तिथल्या बँकेत जाणार असतो, तो `AED` किंवा `USD` मध्ये, तीन-तीन अंकांच्या स्वल्पविरामानेच करा.

म्हणून फाइल एक आणि पानं दोन ठेवा. मूळ आकडे पूर्ण रुपयांत एकाच ठिकाणी, आणि त्यावरून एक पान भारतासाठी, एक बाहेरसाठी. बाहेरच्या पानावर सूत्र एवढंच, मूळ रक्कम `A2` मध्ये असेल तर:

```
=A2/1000000
```

हाताने आकडा टाइप करायचाच नाही, म्हणजे शब्द बदलला आणि आकडा तसाच राहिला, ही पहिल्या जागेची चूक होणारच नाही. पाठवण्याआधी पीडीएफ उघडा, प्रत्येक पूर्ण रकमेचे उजवीकडचे सहा अंक बोटाने झाका, डावीकडचा आकडा मोठ्याने वाचा. पुढच्या व्हिडिओत याच फॉर्मवरून कोटेशनमधल्या डिलिव्हरीच्या अटी बघू. भेटूया!